हेडफोनवर शांत वाटणारा पॅड वर्गात लावला की धडधडतो: या ठोक्याचा माग

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या योगवर्गाच्या ताईंसाठी मी शवासनाला लावायचा अठरा मिनिटांचा तुकडा केला होता. काळी एकमध्ये षड्ज, त्यावर पॅड, म्हणजे सिंथचे लांब ओढलेले सूर, मागे पहाटे रंकाळ्यावर टिपलेलं पाणी आणि पाखरं. ताल नाही, शब्द नाही. घरी हेडफोन लावून किती वेळा ऐकला त्याची गणती नाही, कुठे खटकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ताईंचा फोन आला. "दादा, ऐकायला छान आहे हो, पण झोपलं की छातीत धडधडल्यासारखं होतंय. दोघी-तिघी उठून बसल्या. एक काकी म्हणाल्या, माझीच नाडी मला ऐकू येतेय."

आधी वाटलं, हॉलच घुमत असेल. खाली फरशी, वर पत्रा, भिंतीवर एकही पडदा नाही. पण पुढच्या तुकड्यालाही तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. प्रत्येक वेळी आता गेलं असं वाटायचं आणि पुन्हा यायचं. तीन तुकड्यांत दुखणं एकच होतं, पण कारणं तीन वेगवेगळी निघाली. म्हणूनच एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नव्हतं. लांब सूर धरून संगीत करणाऱ्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मी काय काय चुकीचं केलं

पहिला संशय रिव्हर्बवर. बारा सेकंदांची शेपूट होती, ती सहावर आणली. पॅड कोरडा झाला, धडधड जशीच्या तशी. मग इक्वलायझर घेऊन २५० ते ४०० हर्ट्झमधला भाग कापला, कारण कुठल्याही घुमण्याला सगळे हेच सांगतात. आवाज पातळ झाला आणि धडधड उलट उठून दिसायला लागली. शेवटी मास्टरवर कॉम्प्रेसर बसवला. हे सगळ्यात वाईट. पॅडचा चढउतार दबला खरा, पण पॅड फुगला की कॉम्प्रेसर सगळंच खाली ओढायचा आणि पॅड ओसरला की सगळंच वर सोडायचा. परिणामी आतापर्यंत स्थिर असलेली रंकाळ्याची पाखरंसुद्धा त्याच ठेक्यात खालीवर व्हायला लागली. दुखणं एका वाद्यात होतं ते सगळ्यांना लागलं.

या तिन्ही उपायांत चूक एकच होती. ठोका किती वेगाने पडतोय हे मी मोजलंच नव्हतं.

मोजायचं कसं

तिसऱ्या फोननंतर मी सरळ ताईंच्या हॉलवर गेलो. वर्ग सुटला होता. त्यांचा तो एकच ब्लूटूथ स्पीकर खिडकीत होता, त्यावरच पहिला तुकडा लावला आणि फरशीवर आडवा झालो. दुसऱ्या मिनिटाला ऐकू आलं. आवाज फुगतो, ओसरतो, फुगतो, ओसरतो. मनगटावरचं घड्याळ बघत मोजलं तर वीस सेकंदांत साधारण बावीस वेळा. म्हणजे मिनिटाला सहासष्ट-सदुसष्ट. निवांत पडलेल्या माणसाची नाडी याच घरात असते. काकींना आपलीच नाडी वाटली यात त्यांची काही चूक नव्हती.

घरी येऊन आधी तोच ठोका हेडफोनवर आणायचा होता. त्यासाठी सगळा आवाज मोनो केला. रिपरमध्ये मास्टर ट्रॅकवरच त्याचं बटण आहे, ऑडॅसिटीत डावं-उजवं मिसळून एक करता येतं. बटण दाबलं आणि हॉलमधली धडधड कानात आली. काढलं की गायब. एकटा स्पीकर डावं-उजवं एकत्र करूनच वाजवतो, त्यामुळे घरी मला हे कधी ऐकूच येणार नव्हतं. उलट हेडफोनवर जो हलकासा पसारा जाणवायचा, त्याला मी कौतुकाने 'रुंदी' म्हणत होतो.

यानंतरची चाचणी एका मिनिटाची आहे. एकेक ट्रॅक बंद करत धडधडणारा एकटा पॅड सापडला, की त्याचा तोच सूर एक सप्तक वर वाजवायचा आणि ठोके पुन्हा मोजायचे. वेग दुप्पट झाला तर दोन सुरांच्या उंचीत फरक आहे, म्हणजे डीट्यून. वेग तोच राहिला तर कुठला तरी एलएफओ, म्हणजे आवाजाचा एखादा गुण ठरलेल्या वेगाने खालीवर करणारी सोय, किंवा कोरस किंवा ट्रेमोलो फिरतोय, कारण त्याला सुराच्या उंचीशी देणंघेणं नसतं. आणि एकटा पॅड स्वच्छ असेल, तंबोरा जोडला तरच ठोका येत असेल, तर भांडण त्या दोघांचं आहे. माझ्याकडे एक सप्तक वर ठोके मिनिटाला एकशे तीसच्या पुढे गेले. म्हणजे डीट्यून, आणि तोही पॅडच्या पोटातच.

पहिलं कारण: दोनच आवाजांचं युनिझन

सिंथचा तो पॅड तयार प्रीसेटमधून घेतला होता. उघडून बघितलं तर आत युनिझनचे, म्हणजे एकच सूर मिळून धरणारे, दोन आवाज: एक सात सेंट वर आणि पूर्ण डावीकडे, दुसरा सात सेंट खाली आणि पूर्ण उजवीकडे. दोघांत चौदा सेंटचं अंतर. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.

भौतिकशास्त्रात याला 'विस्पंद' म्हणतात. दोन सूर जवळजवळ सारखे असले की ते कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना मारतात, आणि सेकंदाला तसे किती फेरे होतात ते दोघांच्या हर्ट्झमधल्या फरकाएवढं असतं. सेंटवरून हर्ट्झ काढायचे तर छोट्या अंतरासाठी एवढं गणित पुरतं:

```
beats_per_second ≈ frequency_Hz × cents × 0.000578
138.59 × 14 × 0.000578 ≈ 1.12
```

काळी एकचा मंद्र अंगाचा षड्ज १३८.५९ हर्ट्झ. चौदा सेंट म्हणजे सेकंदाला १.१२ ठोके, मिनिटाला सदुसष्ट. हॉलमध्ये फरशीवर मोजले तेच.

हेडफोनवर डावा सूर डाव्या कानात आणि उजवा उजव्या कानात जातो. हवेत दोघांची गाठच पडत नाही, त्यामुळे एक मिटून जाण्याचा प्रश्न येत नाही. डोक्यात जो हलका हेलकावा जाणवतो त्यालाच बायनॉरल म्हणून वेगळं विकतात, तो विषय बाजूला ठेवू. एका स्पीकरमधून मात्र दोघे एकाच पडद्यावर येतात, आणि ताकद सारखी असल्याने ओसरताना मूळ सूर जवळजवळ शून्यावर जातो. दोन आवाजांचं युनिझन म्हणूनच सगळ्यात धोक्याचं. सात किंवा नऊ आवाज असले तर जोड्यांचे ठोके वेगवेगळ्या वेगाचे पडतात, सगळे मिसळून नुसती झिलमिल उरते, मोजता येईल असा ठेका राहत नाही.

उपाय दोन केले. खर्जातल्या पॅडचं युनिझन बंदच केलं. एक आवाज, मधोमध, डीट्यून शून्य. वरच्या पॅडला सात आवाज ठेवले, पण पसारा चौदावरून पाचवर आणला आणि डावं-उजवं अर्ध्यापर्यंतच उघडलं. मोनोत ऐकलं, ठोका गेला होता.

पण पॅडही मेला. फ्रीज चालू असतो तसा एकसुरी. इथेच बरेच जण वैतागून डीट्यून परत वाढवतात आणि गाडी पुन्हा जिथल्या तिथे. या संगीतात हालचाल हवीच, पण ती आवाजाच्या ताकदीत नको, रंगात हवी. म्हणून तिन्ही थरांच्या फिल्टर कटऑफला एकेक एलएफओ जोडला: एकाचा फेरा सदतीस सेकंदांचा, दुसऱ्याचा त्रेपन्न, तिसऱ्याचा एकाहत्तर. कटऑफ ४०० ते १४०० हर्ट्झमध्ये फिरतो, त्याहून वर नेलं की 'वाऽव' असा आवाज जाणवायला लागतो आणि मिटलेले डोळे उघडतात. हे आकडे मुद्दाम असे निवडले की एकाला दुसऱ्याने भाग जात नाही. सदतीस आणि त्रेपन्नची जोडी पुन्हा त्याच जागी यायला १९६१ सेकंद लागतात, म्हणजे साडेबत्तीस मिनिटांहून जास्त. अठरा मिनिटांच्या तुकड्यात तो योग येतच नाही. एलएफओ टेम्पोला बांधलेला ठेवला तर मात्र फेरे चार, आठ, सोळा मात्रांचे होतात, सगळे थर एकदम उघडतात आणि एकदम मिटतात, आणि तालाचा पत्ता नसलेल्या संगीतात ताल घुसतो. तेव्हा टेम्पोची गाठ सोडायची, आणि प्रत्येक नव्या सुराला एलएफओ पहिल्यापासून सुरू होत असेल तर तेही बंद करायचं. काही सिंथमध्ये एलएफओ इतका हळू चालतच नाही. तिथे कटऑफचं ऑटोमेशन हाताने काढायचं, लांब लांब टेकड्यांसारखं. मला तर तेच जास्त आवडतं.

दुसरं कारण: पावसाळ्यातला तंबोरा

दुसऱ्या तुकड्यात तंबोरा खरा घ्यायचं ठरवलं. कोल्हापुरात राहून तंबोऱ्याचं ॲप लावायचं म्हणजे घरच्या म्हशीचं दूध सोडून पिशवी आणण्यातलं. मिरज इथून जेमतेम तासाभरावर, आणि आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बुवांकडे मिरजेचाच जुना तंबोरा आहे. ऑगस्टमध्ये एका दुपारी पंखा बंद करून, घाम पुसत, चौदा मिनिटं सलग टिपला.

वर्गात लावला. पहिली पाच मिनिटं स्वच्छ. मग ताईंचा निरोप, "सहाव्या मिनिटापासून पुन्हा चालू झालंय, पण आता हळू आहे." ही खूण फार महत्त्वाची. पॅडच्या पोटातला डीट्यून पहिल्या सेकंदापासून तसाच असतो. वेळ जाईल तसा ठोका उगवत असेल, तर काहीतरी सरकतंय.

ट्यूनर लावून बघितलं. सुरुवातीला तंबोऱ्याचा षड्ज आठ सेंट उतरलेला होता, शेवटाला बारा. बुवांनी सूर कानाने लावला होता, त्यांच्या गळ्याच्या सोयीने, आणि ते बरोबरच आहे. पुढे दमट हवेत आणि हाताच्या उबेने तारा सरकत गेल्या. पॅड मात्र संगणकाच्या ठाम काळी एकवर. मग प्रश्न असा की आठ सेंटचा फरक पहिल्यापासूनच होता, तर सुरुवातीची पाच मिनिटं का बरी वाटली? कारण तिथे पॅड होताच कुठे. तो मी तिसऱ्या मिनिटाला आत आणायला सुरुवात करतो आणि पूर्ण उघडतो सहाव्याला. ताईंच्या कानांनी मिनिट अचूक पकडलं होतं, मी त्याचा अर्थ अर्धाच लावला होता. थोडा दोष सरकण्याचा होता, बराचसा पहिल्यापासूनच्या फरकाचा.

पहिला मोह तंबोराच वर चढवायचा होतो. सॉफ्टवेअरने लांबी तीच ठेवून सूर बदलला की जवारीची झळाळी विस्कटते, तारेवर राख पडल्यासारखी. म्हणून उलटं केलं: पॅड तंबोऱ्याकडे आणला. सिंथमध्ये मास्टर ट्यून आठ सेंट खाली, आणि जिथे फक्त 'ए'चा आकडा द्यायची सोय होती तिथे ४४० च्या जागी ४३८. तुकड्यातले सगळे सिंथ एकाच मापाने खाली आणायचे. एक जरी विसरला, तरी तोच ठोका तिसऱ्या दारातून आत येतो. मी वरचा एक श्वासासारखा थर विसरलो होतो, त्यात आणखी एक संध्याकाळ गेली.

सरकणं थांबवायला चौदा मिनिटं वापरायचंच सोडून दिलं. सुरुवातीचा चाळीस-बेचाळीस सेकंदांचा सगळ्यात सुरेल भाग निवडला, जिथे ट्यूनरचा काटा हलत नाही, आणि तोच पुन्हा पुन्हा जोडला. सांधा पंचमाच्या तारेवर ठेवायचा, म्हणजे एक आवर्तन पूर्ण झालं की पुढचं सुरू होतं, आणि तीन-चार सेकंद एकात एक मिसळायचं. मध्येच खर्जावर कापलं तर एकाच खर्जाच्या दोन शेपट्या एकमेकींवर चढतात आणि दर बेचाळीस सेकंदांनी गुब्ब असा फुगवटा येतो. ठोका बरोबर लूपच्या लांबीने येत असेल तर हेच समजायचं.

तिसरं कारण: गंधार

तिसरा तुकडा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. युनिझन बंद, तंबोरा आणि पॅड एका सुरात, मोनोत तपासलेला. तरीही अकराव्या मिनिटाला, पॅड षड्ज-पंचमावरून गंधारावर जातो तिथे, एक बारीक, वेगवान थरथर. धडधड नव्हे. डास कानाजवळून जावा तशी.

त्या संध्याकाळी बुवा तंबोरा परत न्यायला आले होते. मी लावूनच ठेवलं होतं. चहाचा कप हातात धरून ऐकत राहिले, गंधार आला तसे कपाळाला आठी घालून म्हणाले, "आरं, तुझा ह्यो गंधार चढलाय की रं. पेटीवाल्यागत."

मी म्हणालो, "नाही हो बुवा, संगणकाचा आहे, तो चढत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला, तंबोरा उभा केला आणि खर्जाची तार एकदाच छेडून हाताने थांब म्हणाले. तार विरत जाते तसा आतून एक वेगळा सूर वर येतो, कुणी न लावलेला. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार जुळलेली असली, जवारी नीट उघडलेली असली, तर तो येतोच. "ह्यो बघ तुझा गंधार. आन् तू वाजवतोयस तो दुसराच."

बुवा बरोबर होते आणि ते आकड्यात दाखवता येतं. स्वयंभू गंधार म्हणजे खर्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश, मूळ कंपनाच्या बरोबर पाचपट. खर्ज ६९.३० हर्ट्झ धरला तर तो ३४६.५. संगणकाचं आणि पेटीचं सप्तक मात्र बारा सारख्या तुकड्यांत कापलेलं, त्यात हाच गंधार ३४९.२ वर येतो. फरक २.७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पावणेतीन ठोके. शिवाय जोडीच्या तारांचा पाचवा स्वरांश एक सप्तक वर, तिथे पॅडच्या गंधाराच्या वरच्या अंशाशी साडेपाच ठोके. डास तोच होता. (आकडे नेमक्या काळी एकचे दिलेत. सगळंच आठ सेंट उतरवलं तरी ठोक्यांत नावापुरता फरक पडतो.)

पेटीवरचा हा आक्षेप जुनाच आहे. आकाशवाणीवर १९४० पासून कितीतरी वर्षं पेटीला दार बंद होतं, त्यामागच्या तक्रारींत तिचे ठोकळेबाज, न हलणारे सूर हीही एक होती. भजनात ते खपून जातं, कारण पेटीचा सूर येतो आणि जातो, आणि टाळ-पखवाजाच्या गर्दीत ठोका मोजायला कुणाला सवड असते. आपल्या संगीतात तोच गंधार चाळीस सेकंद धरलेला असतो, शेजारी चिटपाखरू नसतं, आणि ऐकणारा डोळे मिटून पडलेला असतो. लपायला जागाच नाही.

दुरुस्ती साधी. गंधाराचा पॅड वेगळ्या ट्रॅकवर घेतला आणि फाइन ट्यून चौदा सेंट खाली नेलं. थरथर जागच्या जागी विरली. अगदी काटेकोर मोजलं तर फरक १३.७ सेंटचा आहे, म्हणजे चौदा केल्यावरही केसभर उरतो: हर्ट्झच्या सोळाव्या भागाएवढा, सोळा सेकंदांत एक हेलकावा. तो मी मुद्दाम ठेवला. ज्या संथ हालचालीसाठी मी एलएफओ फिरवत बसलो होतो, तिचा एक पदर इथे तंबोरा आणि पॅड मिळून फुकटात विणत होते.

इतर सुरांचंही हेच करायचं असेल तर षड्ज धरून ऋषभ चार सेंट वर, मध्यम दोन खाली, पंचम दोन वर, धैवत सोळा खाली, निषाद बारा खाली. पंचमाचे दोन सेंट सोडून दिले तरी चालतं, तिथला ठोका दोन सेकंदांत एक असा सावकाश पडतो, तो श्वासासारखा वाटतो. ज्या सिंथमध्ये स्वरमापाची .scl फाइल घालता येते तिथे हे सगळं एकदाच होऊन जातं, मात्र पाया काळी एकवर आहे हे त्याला वेगळं सांगावं लागतं. बहुतेक ठिकाणी तो आपणहून पांढरी एक धरतो. मग सगळेच सूर नको तिथे सरकतात आणि आधीचं बरं होतं असं वाटायला लागतं.

याला एक मर्यादा आहे. हे सूर षड्जाशी जुळतात, सगळेच एकमेकांशी जुळतात असं नाही. असा ऋषभ आणि असा धैवत एकत्र धरले तर त्यांच्यातलं अंतर शुद्ध पंचमापेक्षा बावीस सेंट कमी पडतं आणि भलताच खरखरीत ठोका लागतो. मी ते दोन एकाच वेळी लांब धरतच नाही. एक विरला की दुसरा. पाश्चात्त्य पद्धतीने आधारसूर बदलत जाणारा तुकडा असेल, तंबोरा नसेलच, तर या भानगडीत न पडलेलं बरं. तिथे बारा सारखे तुकडेच सोयीचे.

आता मी काय करतो

नवा तुकडा असला की आधी तंबोरा टिपतो, त्याचा आकडा वहीत लिहितो, आणि त्यानंतरच सिंथ उघडतो. पॅडचा प्रत्येक थर एकेकटा, मोनोत, एक मिनिट ऐकतो. शेवटी फोन ब्लूटूथला जोडून स्वयंपाकघरात ठेवतो आणि मी बाहेरच्या खोलीत बसतो. ठोका असेल तर तो भिंतीपलीकडून जास्त स्पष्ट कळतो, कारण वरची झिलमिल भिंतीत अडकते आणि खालचं तेवढं पोचतं. आईला आता सवय झालीय. भाकरी थापता थापता तीच ओरडते, "हलतंय बघ रे अजून."

चौथा तुकडा ताईंना गणपतीच्या आधी दिला. त्यात नवव्या मिनिटाला एक देवळातली घंटा आहे, एकच टोल, दूरवर. तो विरताना हेलकावे खातो, आणि त्याला माझा इलाज नाही. ओतलेली घंटा कधी तंतोतंत गोल नसते, त्यामुळे तिच्या आवाजाच्या जोड्या किंचित वेगळ्या सुरात वाजतात आणि तो हेलकावा तिच्या अंगातच असतो. तिचे वरचे अंशही तंबोऱ्यासारखे नेमक्या पटीत नसतात, मग ती कुठल्या सुरात आणायची? म्हणून तिथे पॅडच मागे घेतला. घंटेच्या आधी वीस सेकंद तो उतरत जातो, टोल पडतो तेव्हा फक्त तंबोरा आणि पाणी, आणि घंटा पूर्ण विरल्यावरच पॅड परत येतो.

ताईंचा फोन आला तो दुपारी. धडधडीचं नाव नाही. "दादा, घंटेला काकी हात जोडून उठून बसल्या. ती काढता येते का?"